गोळी पोटात, अळी फुफ्फुसात

एका मिलिमीटरच्या जागेत ओळीनं पंधरा-सोळा मावतील, एवढं ते अंडं असतं. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला जाणवत नाही. लहान मुलांच्या आतड्यांत राहणाऱ्या मोठ्या जंताचं, डॉक्टरांच्या भाषेत ॲस्केरिसचं, हे अंडं. ओलावा आणि सावली मिळाली तर ते मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतं, कधीकधी वर्षानुवर्षं. साबणानं ते मरत नाही. नळाच्या पाण्यात घातलेल्या क्लोरीननं मरत नाही. जंताची गोळी तर त्याच्यापर्यंत पोहोचतही नाही, कारण गोळी मुलाच्या पोटात जाते आणि अंडं बाहेर अंगणात असतं.

बर्डीच्या लोकांना नदीचा चिखल घरात येणं म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीनं काठ सोडले आणि सीताबर्डीतल्या मोरभवन बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. नंतर पाणी ओसरलं आणि खाली चिखल उरला. नाग नदी वर्षानुवर्षं शहराचं सांडपाणी वाहत आली आहे. जिथल्या माणसांच्या पोटात जंत असतात, तिथल्या सांडपाण्यात जंतांची अंडी असतात. ही अंडी पाण्याहून जड असल्यामुळे ती पाण्याबरोबर फार काळ तरंगत नाहीत, गाळात बसतात. त्यामुळे पाणी उतरल्यावरचा वाळत चाललेला चिखल, ज्यात मुलं सगळ्यात आधी खेळायला उतरतात, तो या दृष्टीनं पुराच्या पाण्यापेक्षाही जास्त जपण्यासारखा.

पण या अंड्याची पहिली नवलाची गोष्ट वेगळीच आहे. ताजं असताना ते अगदी निरुपद्रवी असतं. विष्ठेतून बाहेर पडलेलं अंडं त्याच दिवशी कुणाच्या पोटात गेलं तरी जंत होत नाही. त्याच्या आत तेव्हा अळीच नसते. अळी तयार व्हायला हवा लागते, ओल लागते आणि पंचवीस-तीस अंशांची ऊब लागते. असं सगळं जमून आलं की दोन-तीन आठवड्यांत अंड्याच्या आत अळी आकार घेते, कात टाकते आणि वाट पाहत राहते. माणसाच्या शरीरात जगणाऱ्या या जीवाला वाढीचा एक टप्पा मातीतच पुरा करावा लागतो. म्हणून शाळेत एका बाकावर बसल्यानं, एकमेकांचा हात धरल्यानं हा जंत एका मुलाकडून दुसऱ्याकडे थेट जात नाही. मधे माती लागतेच.

यातूनच दुसरी गोष्ट निघते, आणि पालकांनी सगळ्यात आधी लक्षात घ्यायची ती हीच आहे. हा जंत पोटात वाढत जातो, पण त्याची संख्या पोटात वाढत नाही. मादीची अंडी आतड्यात फुटत नाहीत, ती बाहेर पडतात. म्हणजे एखाद्या मुलाच्या पोटात वीस जंत निघाले, तर त्या मुलानं किमान वीस पिकलेली अंडी गिळलेली असतात. गोड खाल्ल्यानं जंत होतात, गुळाच्या खड्यातून होतात, ही समजूत घराघरांत आहे. साखरेतून जंत जन्माला येत नाही. तो येतो मातीच्या बोटातून, न धुतलेल्या भाजीतून. गूळ ज्या हातात धरला होता तो हात कुठे लागला होता, हे पाहायला हवं.

नागपूरच्या मातीचाही यात हात आहे. विदर्भातली काळी माती चिकण असते, पाणी धरून ठेवते. ॲस्केरिसच्या अंड्याला अशी चिकण माती मानवते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर तापलेल्या उघड्या जमिनीच्या पृष्ठभागावर ते फार टिकत नाही, ऊन आणि कोरडेपणा त्याला मारतात. पण नळाखालची कायम ओली जागा, नालीचा काठ, भिंतीच्या सावलीतला कोपरा मे महिन्यातही ओलाच असतो. जूनमध्ये पाऊस लागला की मग सगळ्या अंगणाचंच हवामान त्याच्या सोयीचं होतं.

आता अंडं मुलाच्या पोटात गेल्यावर काय होतं ते पाहू. सरळ विचार केला तर वाटेल की आतड्यात राहणारा जंत आतड्यात पोहोचला, काम झालं. पण तसं होत नाही. लहान आतड्यात अंडं फुटतं, अळी बाहेर येते आणि आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते. रक्ताबरोबर यकृतात, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुफ्फुसांत. फुफ्फुसातल्या बारीक केशवाहिन्या फोडून ती हवेच्या पिशव्यांत उतरते. तिथं काही दिवस वाढते. मग श्वासनलिकेतून वर चढत घशाशी येते आणि थुंकीबरोबर गिळली जाते. दोन आठवड्यांच्या आसपासचा हा प्रवास करून ती परत त्याच लहान आतड्यात येते, जिथून निघाली होती. या वेळी मात्र ती मुक्कामाला येते.

हा मार्ग माणसाच्या शरीरात खरोखर असाच आहे, हे दाखवणारा एक प्रयोग जपानी बालरोगतज्ज्ञ कोइनो यांनी 1922 साली स्वतःवर केला. त्यांनी ॲस्केरिसची दोन हजार पिकलेली अंडी गिळली. काही दिवसांत त्यांना ताप आला, श्वास लागला, न्यूमोनियासारखा आजार झाला. आणि त्यांच्या थुंकीत सूक्ष्मदर्शकाखाली अळ्या दिसल्या. पोटाच्या रोगाचा पुरावा थुंकीत सापडला होता. एका डॉक्टरनं मुलांच्या खोकल्याचं एक कारण कळावं म्हणून स्वतःचं शरीर पणाला लावलं, हे वाचताना आजही मन थबकतं.

आता हा प्रवास कॅलेंडरवर मांडून पाहू. समजा बर्डीच्या एका गल्लीतली पाच वर्षांची मुलगी 1 ऑगस्टला ओल्या मातीत खेळली आणि तशाच हातानं चिवडा खाल्ला. पिकलेली अंडी पोटात गेली. पुढच्या आठवड्यात अळ्या यकृतातून फुफ्फुसांत पोहोचतात. 8-9 ऑगस्टपासून तिला कोरडा खोकला येतो, रात्री छातीत थोडी घरघर होते, अंग किंचित कोमट लागतं. पावसाळ्यात कुणाला त्यात वावगं वाटेल? आई आल्याचा काढा देते. 10 ऑगस्टला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. अंगणवाडीत सेविका तिला गोळी देतात, मुलगी समोर चावून खाते, नोंद होते. आठवडाभरात खोकला आपोआप थांबतो, कारण अळ्या फुफ्फुस सोडून आतड्यात आलेल्या असतात. गोळीचा अंमल तोवर संपलेला असतो.

सप्टेंबर जातो. आतड्यात अळ्यांचे जंत होत असतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, म्हणजे अंडं गिळल्यापासून दोन-सव्वादोन महिन्यांनी, मादी अंडी घालू लागते. नोव्हेंबरात एक दिवस शीतून पांढरट-गुलाबी, पावसातल्या गांडुळासारखा, वीतभर लांब जंत पडतो. आई घाबरते. दवाखान्यात येऊन विचारते, ‘‘डॉक्टरसाहेब, गोळी तर खाल्ली होती ना जी पोरीनं? मग हे कुठून आलं?’’

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर गोळीच्या स्वभावात आहे. अल्बेंडाझोल हे औषध जंताच्या पेशींमधल्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतं. त्या प्रथिनापासून पेशीच्या आतले सूक्ष्म तंतू बनतात, आणि ते बनणं थांबलं की जंताला साखर शोषून घेता येत नाही. तो उपाशी पडतो, दोन-तीन दिवसांत मरतो किंवा लुळा होतो आणि शीबरोबर निघून जातो. माणसाच्या पेशींतही तसंच प्रथिन आहे, पण औषध जंताच्या प्रथिनाला कितीतरी घट्ट चिकटतं. शिवाय ते आतड्यातून रक्तात फार थोडं शोषलं जातं, बहुतेक आतड्यातच राहतं. जंतही तिथेच असतो, म्हणून एका गोळीत काम होतं आणि मुलाला त्रास होत नाही. या गोळीचं सुरक्षितपण आणि तिची मर्यादा एकाच कारणातून येतात. 10 ऑगस्टला औषध आतड्यात होतं आणि त्या मुलीच्या अळ्या फुफ्फुसांत होत्या. गोळी बनावट नव्हती, सेविकेनं चूक केली नव्हती, मुलीनं गोळी थुंकली नव्हती. दोघांची गाठच पडली नाही.

आणि त्या दिवशी गाठ पडली असती, तरीही गोळी पुढच्या महिन्यात गिळल्या जाणाऱ्या अंड्यापासून संरक्षण देत नाही. ती लस नाही. जंताविरुद्ध शरीरात टिकाऊ प्रतिकारशक्तीही तयार होत नाही. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशोदेशीच्या पाहण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले होते, की गोळी दिल्यावर मुलांत जंत किती वेगानं परततात. ॲस्केरिसच्या बाबतीत तीन महिन्यांत मूळ प्रमाणाच्या सुमारे 26 टक्के, सहा महिन्यांत 68 टक्के आणि वर्षभरात 94 टक्के. म्हणजे एखाद्या वस्तीत शंभर मुलांपैकी पन्नासांना जंत होते असं धरलं, तर गोळी दिल्यावर तीन महिन्यांनी तेरा, सहा महिन्यांनी चौतीस आणि वर्षानंतर सत्तेचाळीस मुलं पुन्हा तिथेच. आपल्याकडे गोळी सहा महिन्यांच्या अंतरानं का देतात, ते या आकड्यांत दिसतं. वर्षभर थांबलं तर जवळजवळ सगळं पूर्वपदावर येतं.

तरीही गोळी फुकट जात नाही. सहा महिन्यांनी परत आलेली चौतीस मुलं आणि पहिली पन्नास मुलं यांच्यात फक्त संख्येचा फरक नाही. जंत एकेका अंड्यातून, एकेक करून साठत असल्यामुळे दर सहा महिन्यांनी आतडं रिकामं झालं तर एका मुलाच्या पोटात ते फार साठू शकत नाहीत. आणि मुलाला होणारा त्रास जंत आहेत की नाहीत यावर कमी, ते किती आहेत यावर जास्त अवलंबून असतो.

दोन-चार जंतांनी बहुतेक मुलांना काहीही होत नाही. खाणं-पिणं, खेळणं नेहमीसारखं. म्हणून ‘माझ्या मुलाला काही त्रास नाही, मग गोळी कशाला’ हे म्हणणं टिकत नाही. संख्या वाढली की बेंबीच्या आसपास अधूनमधून दुखतं, भूक मंदावते, पोट नगाऱ्यासारखं पुढे येतं आणि हातपाय बारीक राहतात. अन्नातलं पोषण, विशेषतः अ जीवनसत्त्व, नीट अंगी लागत नाही. झोपेत दात खाणं हे मात्र जंताचं भरवशाचं लक्षण नाही, जंत नसलेली कितीतरी मुलं दात खातात.

क्वचित, फार जंत असलेल्या लहान मुलात, जंतांचा गुंता होऊन आतडंच तुंबतं. पोट टम्म फुगतं, कळा येतात, हिरवी उलटी होते, शी आणि वारा दोन्ही बंद होतात. अशा वेळी घरात जंताची गोळी देऊ नये. मूल तसंच उचलून मेडिकल किंवा मेयोला न्यावं, जे जवळ असेल तिथं. तिथं आधी सलाइन आणि नाकातून नळी घालून आतड्याला आराम देतात, बरेचदा तेवढ्यानं गुंता सुटतो, आणि औषध मग दिलं जातं.

शाळेत आणि अंगणवाडीत तपासणी न करता सरसकट गोळी देतात, याबद्दल काही पालकांच्या मनात शंका असते. शी तपासायला प्रत्येक मुलाचा नमुना आणावा लागतो आणि सूक्ष्मदर्शकापाशी माणूस बसवावा लागतो. हा खर्च गोळीच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. औषध सुरक्षित असल्यानं, ज्याला जंत नाहीत त्याला ते दिल्यानं नुकसान होत नाही. भारतात ही मोहीम फेब्रुवारी 2015 मध्ये सुरू झाली. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट हे तिचे ठरलेले दिवस, पण राज्यात तारीख पुढेमागे होऊ शकते, म्हणून अंगणवाडीत किंवा आशाताईंना विचारून ठेवावं. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांसाठी काही दिवसांनी पुन्हा एक फेरी असते. वय 1 ते 19. एक वर्षापर्यंतच्या बाळाला गोळी नाही. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, म्हणजे 200 मिलिग्रॅम, चुरून पाण्यात कालवून. दोन वर्षांनंतर पूर्ण 400 मिलिग्रॅम. मोठ्या मुलांनी ती चावून खायची, अख्खी गिळायची नाही. लहानाच्या तोंडात रडत असताना कोंबायची नाही, घशात अडकण्याची भीती असते. त्या दिवशी मूल तापानं आजारी असेल तर बरं झाल्यावर द्यावी. झटके येण्याचा आजार असलेल्या मुलाबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावं. गोळीनंतर कुणाला मळमळतं, पोटात दुखतं, एखादी उलटी होते. ते बहुधा ज्यांच्या पोटात जंत जास्त त्यांनाच होतं आणि त्याच दिवशी ओसरतं.

आता पुन्हा अंड्याकडे. आपल्या त्या मुलीच्या पोटात नर आणि मादी अशी एक जोडी जरी असली, तरी ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या गोळीपर्यंत सव्वाशे दिवस मिळतात. एक मादी रोज सुमारे दोन लाख अंडी घालते. सव्वाशे दिवसांची अडीच कोटी होतात. तिची शी संडासात जाते की नालीच्या कडेला, यावर या अडीच कोटींपैकी किती मातीत पिकतील हे ठरतं. लहान बाळाची शी ‘निर्मळ’ म्हणून कागदात गुंडाळून उकिरड्यावर टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. पण रांगणारी, मातीत हात घालणारी मुलंही अंडी गिळतात, म्हणून त्यांच्या शीतही अंडी असू शकतात. ती संडासातच टाकावी, लंगोट धुतलेलं पाणीसुद्धा संडासातच ओतावं. अंडी मातीत पोहोचली नाहीत, तर ती पिकतच नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात हा जंत होता. मैला खत म्हणून शेतात घालणं थांबलं, शाळांतून तपासण्या आणि औषधं चालू राहिली, आणि एका पिढीत तो जवळजवळ नाहीसा झाला. दोन्ही गोष्टी बरोबर झाल्या होत्या, हे महत्त्वाचं.

या बाबतीत नागपूरचं नाव जगाच्या शास्त्रीय साहित्यात आहे, आणि ते बर्डीवरच्या फार थोड्यांना माहीत असेल. वर्धा रोडच्या बाजूला असलेली ‘नीरी’ ही संस्था 1958 साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीचं संशोधन करायला स्थापन झाली. तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. तिथल्या कृष्णमूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांडपाण्यावर शेती करणाऱ्या देशभरच्या मजुरांच्या पोटातले जंत तपासले आणि 1973 मध्ये नागपुरातल्या परिसंवादात ते मांडलं. साध्या पाण्यावर शेती करणाऱ्यांपेक्षा सांडपाण्याच्या शेतात अनवाणी राबणाऱ्यांत जंतांचं प्रमाण स्पष्टपणे जास्त होतं. पुढे सांडपाण्याच्या शेतीबद्दल जागतिक पातळीवर विचार झाला तेव्हा या पाहणीचा दाखला पुन्हापुन्हा दिला गेला. जागतिक आरोग्य संघटनेनं 1989 मध्ये मर्यादा घालून दिली: कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला द्यायच्या सांडपाण्यात एका लिटरमागे जंताचं एकाहून जास्त अंडं नको. ही मर्यादा गाठायचा उपायही अंड्याच्या जडपणातच आहे. सांडपाणी उथळ तळ्यांत आठ-दहा दिवस शांत उभं ठेवलं की अंडी तळाशी बसतात. या तळ्यांच्या रचनेवरही याच संस्थेत खूप काम झालं. पाणी स्वच्छ निघतं, पण अंडी मरत नाहीत, गाळात गोळा होतात, म्हणून तो गाळ ओला असताना खत म्हणून उचलायचा नसतो.

स्वयंपाकघरात याच गुणांचा उपयोग करता येतो. बर्डीच्या बाजारातून सांबार, मेथी, पालक, मुळा घरी आला की बहुतेक घरांत तो पातेल्यातल्या पाण्यात बुडवून, हलवून काढतात. मुळांची माती पाण्यात उतरते, त्याच पाण्यातून पानं वर येतात आणि चिकट अंडी पुन्हा पानांना लागतात. त्यापेक्षा आधी मुळं कापून टाकावीत, मग जुडी सुटी करून वाहत्या पाण्याखाली पानं चोळावीत. नळाला धार नसेल तर तांब्यानं वरून पाणी ओतावं. पोटॅशियमच्या जांभळ्या पाण्यानं किंवा क्लोरीनच्या थेंबांनी जुलाबाचे जिवाणू कमी होतात, अंडं नाही. उकळीनं मात्र ते लगेच मरतं. म्हणजे सांबारवडी आणि पातळभाजीची काळजी नको. काळजी आहे ती पोह्यावर भुरभुरलेल्या कच्च्या सांबाराची, आणि मुळा-गाजराची, ज्यांची सालं काढून टाकली की बरीचशी अंडी सालीबरोबरच जातात.

हात धुताना साबण अंड्याला मारत नाही, हे सुरुवातीला सांगितलं. मग साबण कशाला? अंड्याच्या बाहेरचा थर खडबडीत आणि चिकट असतो. नुसत्या पाण्याखाली हात धरला तर ते बोटाला धरून राहतं. साबण आणि चोळणं यांनी ते सुटतं, आणि वाहतं पाणी ते घेऊन जातं. म्हणून पंधरा मुलांनी एकाच बादलीत हात बुडवणं म्हणजे हात धुणं नव्हे. नखाखालचं अंडं चोळूनही निघत नाही, तिथं नख कापणं हाच उपाय. खेळून आल्यावर, खाण्याआधी आणि संडासहून आल्यावर, एवढे तीन वेळा सांभाळले तरी बोटातून जाणारा रस्ता बराचसा बंद होतो.

आतड्यातले बाकीचे जंत याच पद्धतीत बसतात, पण त्यांतल्या दोघांची, अंकुशकृमी आणि सुताकृमी यांची, चाल वेगळी आहे. अंकुशकृमी तोंडावाटे नव्हे, अनवाण्या पायाच्या कातडीतून आत शिरतो. त्याला चिकण काळ्या मातीपेक्षा रेताड, सावलीतली ओली जमीन मानवते. तो आतड्याला चावून रक्त पितो. एकेक जंत पितो ते रक्त फार थोडं असतं, पण जंत शेकड्यांनी असले आणि महिनोन्‌महिने राहिले की मूल पांढरं पडतं, दमतं, आणि रक्त कमी झालेलं मूल माती खाऊ लागतं, म्हणजे मोठ्या जंताचीही सोय होते. अशा मुलाला गोळीबरोबर लोहाचं औषध लागतं. आणि पायांत चप्पल.

सुताकृमी तर मातीची वाट पाहत नाही. बंगल्यातल्या, फ्लॅटमधल्या मुलांनाही तो सर्रास होतो. रात्री मूल झोपलं की मादी गुदद्वाराबाहेर येऊन कातडीवर अंडी घालते, खाज सुटते, मूल झोपेत खाजवतं, आणि चार-सहा तासांत पिकणारी ती अंडी सकाळी नखातून तोंडात, चादरीवरून भावाच्या हातात. शीच्या तपासणीत तो बहुधा सापडत नाही. सकाळी उठल्याबरोबर, धुण्याआधी, गुदद्वाराजवळ पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती काचपट्टीवर लावून नेली तर प्रयोगशाळेत अंडी दिसतात. इथं एका गोळीनं भागत नाही. दोन आठवड्यांनी दुसरी लागते, कारण पहिलीनं मोठे मारले तरी तोवर अंड्यांतून नवे आलेले असतात. डॉक्टर घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध देतात, आणि त्या सकाळी चादरी, चड्ड्या गरम पाण्यात धुवायच्या असतात.

राहिली नोव्हेंबरातल्या त्या आईची गोष्ट. तिनं फेब्रुवारीची वाट पाहायची गरज नाही. डॉक्टर तेव्हाच गोळी देतील, बहुधा तिच्या भावंडांनाही, कारण ती त्याच अंगणात खेळतात. दोन-तीन दिवस शीतून आणखी जंत पडले तर ते औषध लागू पडल्याचं लक्षण आहे. एकही दिसला नाही तरी हरकत नाही, मेलेला जंत आतड्यातच विरघळूनही जातो. शंका राहिली तर दोन-तीन आठवड्यांनी शी तपासावी. अंडी नसतील तर आतड्यातल्या माद्या संपल्या. आणि नोव्हेंबरात गोळी झाली म्हणून फेब्रुवारीतली चुकवायची नाही. नोव्हेंबरातल्या गोळीच्या दिवशी फुफ्फुसात असलेली एखादी अळी फेब्रुवारीपर्यंत पुरती मोठी होऊन आतड्यात बसलेली असेल, आणि तेव्हा गोळी तिच्यापर्यंत पोहोचेल.